माहेरी जाणारे पैसे कुठल्या ओळीत लिहायचे?

पोस्ट लांब आहे आणि आकडे आहेत. चहा घेऊन बसा. नवराबायको दोघंही कमावतात, पगार सारखे नाहीत आणि दोघांपैकी एकाच्या पगारावर आईवडीलही अवलंबून आहेत, अशी घरं माझ्या ओळखीत तरी दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये सापडतात. या घरांत भांडण बहुतेक वेळा “तू किती देतेस” यावर होतं. मला वाटतं, खरा प्रश्न वेगळा आहे. आईवडिलांचे पैसे हिशोबाच्या कुठल्या ओळीत लिहायचे, घरखर्च वाटण्याच्या आधी की नंतर? एवढं एकदा ठरलं की बाकीची बेरीज-वजाबाकी शाळेतल्या मुलालाही येते.

आमचंच घर सांगते. नवऱ्याची परवानगी घेतलेली आहे. आम्ही चिंचवडला भाड्याच्या घरात राहतो. त्याच्या हातात महिन्याला ९६ हजार पडतात, माझ्या ५४ हजार. मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. लग्न झालं तेव्हा दोघांचे पगार जवळपास सारखेच होते, त्यामुळे तेव्हा निम्मं-निम्मं ठरलं आणि ते बरोबरच होतं. मुलगी झाल्यावर मी दोन वर्षं घरी होते. तो निर्णय दोघांचा होता. परत नोकरीला लागले ती कमी पगारावर. त्याचा पगार त्या दोन वर्षांत चढत राहिला. म्हणजे आज जो फरक दिसतोय त्यातला बराचसा कर्तबगारीचा नाही, पाळण्याचा आहे.

घरात सासूबाई आमच्याबरोबर असतात. माझे आईवडील सातारा जिल्ह्यात गावी. अण्णा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन येते, महिन्याला २,८०० रुपये. हे वाचून कुणाला आश्चर्य वाटलं तर सांगते, या योजनेतली किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. म्हणजे अण्णा त्या मानाने बरेच वर आहेत! मी दर महिन्याला गावी १४ हजार पाठवते.

आता घरखर्च. आमच्या डायरीत महिन्याला ७५ हजार लिहिलेले असायचे. निम्म्याने वाटले तर प्रत्येकी साडेसदतीस हजार. मी ते दिले, गावी १४ हजार पाठवले, की माझ्याकडे उरायचे अडीच हजार. त्याच्याकडे साडेअठ्ठावन्न हजार. कागदावर समान, पण महिन्याच्या २० तारखेनंतर भाजीवाल्याला जीपे करताना बॅलन्स कोण बघतं, यावरून समानता किती ते कळतं.

यावर लोक सांगतात ती पुढची पद्धत म्हणजे पगाराच्या प्रमाणात. दीड लाखात माझा वाटा ३६ टक्के, त्याचा ६४. मग मी २७ हजार देते, तो ४८ हजार. बरीच सुधारणा आहे. पण बघा, खर्च देऊन त्याच्याकडे ४८ हजार उरतात, म्हणजे पगाराचा निम्मा. माझ्याकडेही निम्मा उरतो, २७ हजार, पण त्यातून १४ गावी गेले की उरतात १३. या पद्धतीत अण्णांची बीपीची गोळी आणि माझी साडी एकाच खान्यात बसतात. दोन्ही “माझ्या उरलेल्या पैशातली हौस”.

तिसरी पद्धत अशी, की आईवडिलांचे पैसे आधी वजा करायचे, जसा पगारातून टॅक्स आणि पीएफ आधीच कापला जातो. मग माझी कमाई धरायची ४० हजार आणि त्याची ९६. त्या प्रमाणात ७५ हजार वाटले की माझ्याकडे साधारण २२ हजार येतात, त्याच्याकडे ५३. मागच्या पद्धतीपेक्षा माझा वाटा जवळजवळ पाच हजारांनी कमी होतो आणि त्याचा तेवढाच वाढतो.

हे पाच हजार नीट बघा, कारण इथेच बहुतेक जोडपी गप्प बसतात किंवा भडकतात. नवरा मला सरळ म्हणाला, “म्हणजे महिन्याला पाच हजार माझ्या खिशातून तुझ्या माहेरी जातात. जाऊ देत, माझी ना नाही. पण ते जातात असं आपण म्हणूया तरी.” मला हे बोलणं आवडलं. कारण ते खरं आहे. आधी वजा करणं म्हणजे जोडीदाराने त्या जबाबदारीतला एक तृतीयांश भार उचलणं. १४ हजारांतले सुमारे पाच. “माझ्या पैशातून देते, तुला काय त्याचं” असं म्हणायचं आणि वजावटही मागायची, हे दोन्ही एकदम चालत नाही. भार वाटून घेतला जात असेल तर ज्याच्यावर तो पडतो त्याला आकडा माहीत असलाच पाहिजे.

पण मग मी त्याला आमच्या डायरीचं पान उघडून दाखवलं. ७५ हजारांच्या घरखर्चात सासूबाईंची औषधं ३,२०० होती. गुडघ्यासाठी फिजिओथेरपी २,४००. दुपारी त्यांच्या मदतीला येणाऱ्या ताई ३,४००. बरोब्बर नऊ हजार. हे पैसे कुणी कुठे “पाठवत” नव्हतं, म्हणून ते कुणाला दिसत नव्हते. माझ्या आईवडिलांचा खर्च बँकेच्या स्टेटमेंटवर दर महिन्याच्या ३ तारखेला ठळक दिसतो, त्याच्या आईचा खर्च किराणा आणि लाइट बिलाच्या मध्ये लपून बसतो. एकाच्या आईवडिलांना म्हणायचं “घरखर्च” आणि दुसऱ्याच्या आईवडिलांना म्हणायचं “माहेरी देते”. हा नुसता शब्दांचा फरक नाही. घरखर्च म्हटलं की तो दोघांनी वाटायचा, माहेर म्हटलं की एकटीने. वर्षानुवर्षं मी सासूबाईंच्या फिजिओचा वाटा देत होते. त्याबद्दल तक्रार नाही, त्यांचा गुडघा माझ्याच डोळ्यांसमोर दुखतो. माझं म्हणणं इतकंच होतं, की दोन्हीकडचे म्हातारे एकाच ओळीत लिहा.

इथे एक पथ्य पाळलं. सासूबाईंच्या पोळ्या, चहा, त्यांची खोली यातलं काहीही मोजलं नाही. घरात राहणाऱ्या माणसाचं जेवण मोजायला बसलात तर ते घर राहत नाही, खानावळ होते. शिवाय मुलगी शाळेतून आली की चार तास त्या तिच्याजवळ असतात. पाळणाघर लावलं असतं तर त्याचे पैसे गेलेच असते. म्हणून वेगळं काढलं ते फक्त त्यांच्या वयामुळे, आजारामुळे होणारं आणि बिल दाखवता येईल असं. तसंच माझ्या आईवडिलांकडे कुणी काय खातं यावर चर्चा नाही.

तर आता आमचा हिशोब असा आहे. माझ्या ५४ मधून १४ वजा, राहिले ४०. त्याच्या ९६ मधून ९ वजा, राहिले ८७. खरा सामायिक घरखर्च ७५ नाही, ६६ हजार: भाडं २४, किराणा-दूध-भाजी १५, मुलीची शाळा आणि बस ११, पेट्रोल आणि प्रवास ७, लाइट-गॅस-मोबाइल ५, घरकामाच्या मावशी ४. हे ६६ हजार ४० आणि ८७ च्या प्रमाणात वाटले की माझे सुमारे २१ हजार आणि त्याचे ४५ हजार. माझ्याकडे उरतात १९ हजार, त्याच्याकडे ४२. अजून समान नाही, पण त्याचा पगारही समान नाही. दोघांच्याही हातात महिनाअखेर स्वतःचं म्हणता येईल असं काही असतं, हे महत्त्वाचं.

मैत्रिणीने विचारलं, “मग सगळंच एकत्र का नाही टाकत? सगळे आईवडील कॉमन, सगळे पैसे कॉमन.” तेही करून बघितलं, कागदावर. ६६ आणि दोन्हीकडचे २३ मिळून ८९ हजार पगाराच्या प्रमाणात वाटले तर माझ्याकडे १९ च्या जागी जवळजवळ २२ हजार उरतात. म्हणजे मला फायदाच. तरी आम्ही ते घेतलं नाही, आणि नको म्हणणारी मीच होते. कारण खर्च कॉमन झाला की निर्णयही कॉमन होतो, आणि झालाच पाहिजे. मग अण्णांनी या महिन्यात चष्मा केला की गुरांच्या बाजाराला जाऊन आले, हे जावयाच्या टेबलावर येणार. अण्णांनी आयुष्यभर कुणाकडे हात पसरला नाही. ते मुलीचे पैसे घेतात तेच किती मिनतवारीने! जावयाचे पैसे घेतोय असं वाटलं तर ते औषध अर्धी गोळी करून खातील, आणि मला फोनवर “बरं आहे” म्हणतील. तीन हजारांसाठी मला ते नको होतं. ज्यांच्याकडे एकत्र कुटुंबात वाढलेली दोन माणसं आहेत, त्यांना कॉमन पद्धत छान जमते. फरक पैशांचा थोडा आहे, बोलण्याच्या हक्काचा मोठा आहे.

कायदाही गमतीशीरपणे याच बाजूचा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात “मुलं” म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. जावई नाही, सूनही नाही. आणि लग्न झालेली मुलगी सुटते असा समज असेल तर तो चुकीचा आहे. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने विजया मनोहर अरबट यांच्या खटल्यात सांगितलं, की स्वतःची कमाई असलेल्या विवाहित मुलीवरही आईवडिलांना पोसण्याची जबाबदारी आहे. त्या कल्याणला डॉक्टर होत्या, खटला वडिलांनी केला होता. म्हणजे जबाबदारी पोटच्या अपत्याच्या कमाईवर आहे, जोडीदाराच्या नाही. म्हणून अपत्याच्याच पगारातून आधी वजा करायची आणि मग उरलेल्यावर संसार मांडायचा, ही रीत कायद्याच्या विचाराशीही जुळते.

आता पद्धत बिघडते कुठे ते सांगते. पहिली जागा म्हणजे तो १४ चा आकडा. वजावट मिळते म्हटल्यावर तो वाढायला वेळ लागत नाही. आज १४, दिवाळीत १८, चुलत बहिणीच्या लग्नात २५. आणि प्रत्येक वाढीचा एक तृतीयांश न विचारता जोडीदारावर. म्हणून आकडा मनाला वाटेल तो नाही, गावच्या खर्चावरून काढायचा. अण्णा-आईचा महिन्याचा किराणा ६,०००, औषधं ४,२००, आरोग्य विम्याचा हप्ता महिन्याच्या हिशोबाने ३,०००, लाइट-गॅस-मोबाइल १,८०० आणि वरखर्च १,८००. एकूण १६,८००. त्यातून पेन्शनचे २,८०० वजा. राहिले १४ हजार. एवढंच ओळीच्या वर. त्यापलीकडे काहीही द्यायचं झालं तर माझ्या १९ हजारांतून, कुणाला न विचारता. गेल्या दिवाळीत भावाच्या टेम्पोचं इंजिन गेलं. मी १२ हजार दिले, माझ्या खान्यातून. नवऱ्याला सांगितलं, पण हिशोबात धरलं नाही.

“भाऊ का देत नाही” हा प्रश्न आमच्याकडेही आला. तो यायला हवाच, फक्त तिरकस नको. भाऊ आईवडिलांबरोबर राहतो. रात्री अण्णांच्या छातीत दुखलं तर टेम्पोत घालून साताऱ्याला नेणारा तोच. घराची पत्रं बदलतो तोच. त्याच्या कमाईचा भरवसा नाही, पण त्याच्या असण्याचा आहे. मी पैसे देते, तो दिवस देतो. हे नवऱ्याला मान्य झालं, कारण त्याची स्वतःची बहीण परदेशी असते आणि सासूबाईंच्या गुडघ्याचे दिवस आम्ही देतो. पण समजा भाऊ कमावता असता आणि काहीच करत नसता, तर वजावट माझ्या १४ ची नाही, माझ्या वाट्याच्या सातचीच धरायला हवी होती. भावाचं न देणं जावयाने भरून काढायचं नसतं.

दुसरी जागा म्हणजे दवाखाना. महिन्याचा आकडा कितीही चोख असला तरी एका ऑपरेशनमध्ये तो उडतो. आईचा मोतीबिंदू निघाला तेव्हा विमा होता, पण नवीन होता. बऱ्याच पॉलिसींमध्ये मोतीबिंदूसारख्या ठरावीक ऑपरेशनांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, ते पॉलिसी घेताना वाचायचं असतं. बिल ३५ हजार. हे ना घरखर्चात बसतं ना माझ्या उरलेल्या पैशात. त्यासाठी आमचं वेगळं रिकरिंग आहे. उरलेल्यातून तो महिन्याला ३,००० टाकतो, मी १,४००, म्हणजे तेच प्रमाण. वर्षाला जवळजवळ ५३ हजार जमतात. हा फंड तिघाही म्हाताऱ्यांचा. ज्याला लागेल त्याला. इथे मात्र कॉमन केलं, कारण दुखणं कुणाकडे आधी येईल हे पगारावर ठरत नाही.

विम्याचीच एक बारीक गोष्ट. जुन्या करपद्धतीत आईवडिलांच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यावर वजावट मिळते, ज्येष्ठ असतील तर ५० हजारांपर्यंत. पण ती स्वतःच्या आईवडिलांसाठी. सासूसासऱ्यांचा हप्ता भरला तर मिळत नाही. म्हणून “पगार जास्त त्याचा, त्याच्याच खात्यातून भरू” असं केलं तर करसवलत जाते. ज्याचे आईवडील त्याच्याच खात्यातून हप्ता जाऊ दे. नवी करपद्धत घेतली असेल तर हा प्रश्नच येत नाही, तिथे ही वजावट नाही.

तिसरी जागा सगळ्यात गुपचूप असते. प्रमाण बरोबर आहे, पण कोण काय भरतं? बऱ्याच घरांत मोठा पगारवाला घराचा हप्ता भरतो आणि लहान पगारवाली किराणा, दूध, शाळा, मावशी. आकडे जुळतात. पण दहा वर्षांनी एकाच्या नावावर फ्लॅट असतो आणि दुसरीकडे खाल्लेल्या दळणाची आठवण. आपल्याकडे नवराबायकोची मालमत्ता आपोआप दोघांची होत नाही. ज्याच्या नावावर त्याची. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची सामायिक धरली जाते, पोर्तुगीज काळातला नागरी कायदा तिथे आजही चालतो. चिंचवडमध्ये तसं नाही. आम्ही पुढच्या वर्षी फ्लॅट बघणार आहोत. ठरलंय असं, की हप्ता आणि किराणा दोन्ही एका जॉइंट खात्यातून जाणार, त्या खात्यात दोघं आपापला वाटा टाकणार, आणि करारावर दोघांची नावं. पैसे कुणाचे दुधाला गेले आणि कुणाचे भिंतीला, हे शोधायची वेळच येऊ नये.

चौथं, पगार बदलतात. दरवर्षी एप्रिलमध्ये, इन्क्रिमेंटची पत्रं आली की आम्ही एक तास बसतो आणि चार आकडे बदलतो: दोन पगार, दोन आईवडिलांच्या ओळी. मध्ये कुणाची नोकरी गेली किंवा कुणी बिनपगारी रजेवर गेलं, तर त्याच महिन्यापासून नवा हिशोब, एप्रिलची वाट नाही. समजा माझा पगार सहा महिने थांबला, तर माझी ओळ शून्याच्या खाली जाते: कमाई नाही आणि १४ हजार जायचेत. तेव्हा हे प्रमाण चालत नाही, तेव्हा १४ हजार घरातूनच जाणार. हे आधी बोलून ठेवलंय, कारण नोकरी गेलेल्या माणसाने त्याच आठवड्यात आईवडिलांच्या औषधासाठी वाटाघाटी कराव्यात, हे फार वाईट.

पद्धत चुकतेय हे ओळखायचं कसं? टक्केवारी बघू नका. वर्षाच्या शेवटी दोघांच्या नावावरची शिल्लक शेजारी-शेजारी ठेवा: एफडी, पीएफ, म्युच्युअल फंड, सोनं. पगारांचं प्रमाण जेवढं आहे त्यापेक्षा शिल्लकीतला फरक बराच मोठा असेल, तर कुणाचं तरी म्हातारपण आत्ता खर्च होतंय. आणि दुसरी खूण त्याहून सोपी आहे. दोघांपैकी कुणी आईवडिलांना दिलेला आकडा कमी करून सांगायला लागलं, रोखीने द्यायला लागलं, तर हिशोबात त्या पैशांना मानाची जागा मिळालेली नाही.

तुमच्या घरी हा कागद मांडणार असाल तर पगारांपासून सुरुवात करू नका. आधी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांवर होणारा सगळा खर्च लिहा, पाठवलेला आणि घरात मुरलेला, दोन्ही. आमच्याकडे ते पान भरल्यावर नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आईची फिजिओ माझ्या ओळीत घे.” पुढचा हिशोब वीस मिनिटांत झाला.